दुसरी ओळ काय करते?

डोंगर एडक्यांसारखे उड्या मारू लागले,
टेकड्या कोकरांसारख्या.

या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या की मी वर्गाला एकच प्रश्न विचारते. दुसऱ्या ओळीत कोणता शब्द नाही? थोडा वेळ सगळे फळ्याकडे बघत राहतात, मग कुणीतरी म्हणतं, "उड्या मारू लागल्या." बरोबर. क्रियापद पहिल्या ओळीतच राहिलं आहे, तरी टेकड्या काय करत होत्या हे कुणाला विचारावं लागत नाही. कान पहिल्या ओळीतलं क्रियापद आपोआप दुसरीत ओढून नेतो. हिब्रू कवितेची सगळी बांधणी या ओढून नेण्यावर उभी आहे.

बायबलातली स्तोत्रं आणि नीतिसूत्रं वाचताना पुष्कळांना एक अडचण येते. कवी प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगतो? एका प्रार्थनासभेत वेळ कमी होता, तेव्हा मी स्वतः एक स्तोत्र वाचताना प्रत्येक वचनाचा दुसरा भाग गाळला होता. अर्थ तोच आहे, काही बिघडणार नाही, असं मला वाटलं होतं. वाचून झालं तेव्हा हातात नुसती विधानं उरली होती, स्तोत्र कुठेच नव्हतं. दुसऱ्या ओळीकडे नीट बघायला मी त्यानंतर लागले.

हिब्रू कवितेत यमकाचा नियम नाही. आपल्या ओवीत यमक आहे, अभंगात आहे. तिथे मात्र ओळ पूर्ण झाली हे कानाला कळतं ते जोडीदार ओळ आल्यावर. पहिली ओळ साधारण तीन-चार शब्दांची असते, दुसरीही तेवढीच किंवा थोडी आखूड, आणि दोन्ही मिळून एक वचन होतं. याला अभ्यासक समांतरता म्हणतात. वर्गात मी 'जोडओळी' म्हणते. याचा एक फायदा मराठी वाचकाला थेट मिळतो. यमक भाषांतरात मरतं, पण अर्थाची जोडी भाषांतरातूनही जिवंत पार पडते. म्हणून हिब्रूचं एक अक्षरही येत नसलं तरी या कवितेचा सांगाडा मराठीतून हाताला लागतो.

सुरुवातीच्या दोन ओळी स्तोत्रसंहितेतल्या 114व्या स्तोत्रातल्या आहेत. आठ वचनांचं हे छोटं स्तोत्र. मिसरातून म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेची आठवण असलेल्या वल्हांडणाच्या सणाला ज्यू घरांत जेवणाआधी जी दोन स्तोत्रं म्हणतात, त्यातलं हे एक. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजातही ती रीत आहे. त्या रात्री वाचायची हग्गादा 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली होती. शिकवायला मी नेहमी हेच स्तोत्र घेते, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वचन जोडीचं आहे आणि तरी कुठल्याही दोन जोड्या एकसारखं काम करत नाहीत. खाली दिलेला अनुवाद मी वर्गासाठी केलेला आहे. तो गोड वाटावा म्हणून केलेला नाही, हिब्रूतला शब्दक्रम दिसावा म्हणून केला आहे.

वही आडवी धरा आणि वचनाची पहिली ओळ वर, दुसरी तिच्या खाली लिहा. आता जो शब्द ज्याच्या जोडीचा आहे तो बरोबर त्याच्या खाली आणा. जिथे खाली जोडीदार नाही तिथे रिकामी चौकट काढा. पेन्सिल वापरा, कारण पहिल्यांदा हमखास चुकतं. पहिलं वचन असं आहे:

जेव्हा इस्राएल बाहेर पडला मिसरातून,
याकोबाचं घराणं परक्या बोलीच्या लोकांतून.

'इस्राएल'च्या खाली 'याकोबाचं घराणं' येतं. 'बाहेर पडला'च्या खाली रिकामी चौकट. 'मिसरातून'च्या खाली 'परक्या बोलीच्या लोकांतून'. इथपर्यंत मुलंही करतात. पुढचा प्रश्न खरा आहे: खालच्या शब्दाने वरच्या शब्दात काय भर घातली?

इस्राएल हे राष्ट्राचं नाव आहे, आणि ते ज्याच्यापासून निघालं त्या पूर्वजाचंही. याकोब हे त्याच माणसाचं आधीचं, घरातलं नाव, आणि त्याच्या पुढे 'घराणं' हा शब्द आहे. पहिल्या ओळीत एक राष्ट्र निघालं, दुसरीत एक कुटुंब निघालं, म्हातारी माणसं, लेकरं, बोचकी सगळं घेऊन. दुसरी जोडी तर त्याहून जवळ जाते. मिसर हा नकाशावरचा देश. 'परक्या बोलीचे लोक' म्हटलं की त्या देशात राहणं कसं होतं ते कळतं. बाजारात बोललेलं समजत नाही, हुकूम करणाऱ्याचे शब्द कानावर नुसते आदळतात. त्या ठिकाणी हिब्रूत 'लोएझ' हा शब्द आहे आणि सबंध हिब्रू बायबलात तो इथे एकदाच आला आहे. गुलामगिरी, चाबूक, विटा यातलं काहीही कवी सांगत नाही. तो फक्त म्हणतो की त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती. घर सोडून दूर गावी कामाला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी ओळ झाकून पहिली एकटी वाचून बघा. "जेव्हा इस्राएल बाहेर पडला मिसरातून." ही इतिहासाच्या पुस्तकातली ओळ झाली.

दुसरं वचन पहिल्याच वाक्यात मिसळून पुढे जातं:

यहूदा त्याचं पवित्रस्थान झाला,
इस्राएल त्याचं राज्य.

इथेही 'झाला' खाली गळलं आहे. यहूदा म्हणजे इस्राएलच्या बारा वंशांतला एक, इस्राएल म्हणजे सगळे. पवित्रस्थान म्हणजे एक जागा, राज्य म्हणजे पसरलेला मुलूख. दोन्ही बाजूंनी दुसरी ओळ रुंद होत गेली आहे. पण माझं लक्ष इथे नेहमी एका बारीक शब्दावर जातं. 'त्याचं' म्हणजे कुणाचं? आतापर्यंत देवाचं नाव आलेलंच नाही. भाषांतर करणाऱ्याला इथे 'परमेश्वराचं' असं लिहून टाकायचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. कवीने ते नाव मुद्दाम हातचं राखून ठेवलं आहे. ते कुठे काढतो ते पुढे दिसेल.

समुद्राने पाहिलं आणि तो पळाला,
यार्देन मागे फिरली.

याला मी वर्गात सर्वांत जास्त वेळ देते. वरवर पाहिलं तर पाणी आणि पाणी, एवढीच जोडी. पण समुद्र दुभंगला तो मिसर सोडताना, बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात. यार्देन नदी थांबली ती देशात शिरताना, यहोशवाच्या 3ऱ्या अध्यायात. या दोन घटनांच्या मध्ये अरण्यातली चाळीस वर्षं आहेत. लोकांना मिसरातून काढणारा मोशे त्यातच गेला. मिसरातून बाहेर पडलेली जवळजवळ सगळी पिढी त्यात संपली. कवीने ती चाळीस वर्षं दोन ओळींच्या मधल्या श्वासात ठेवली आहेत. पहिली ओळ म्हणजे प्रवासाची सुरुवात, दुसरी म्हणजे शेवट. वहीत 'समुद्र'च्या खाली 'यार्देन' लिहिताना कुणाला तरी हे अचानक दिसतं आणि पेन्सिल थांबते.

क्रियापदंही बघा. समुद्र पळतो, नदी मागे फिरते. नदीला वाहण्याची दिशा असते, समुद्राला तशी नसते. म्हणून नदीसाठी 'पळाली' यापेक्षा 'मागे फिरली' हे जास्त नेमकं आहे आणि जास्त विलक्षणही. समुद्राने काय पाहिलं ते मात्र सांगितलेलं नाही. तीही जागा कवीने रिकामीच ठेवली आहे.

यानंतर येतात आपले डोंगर आणि टेकड्या. हिब्रूत ते असं वाचतात: "हेहारीम राकदू खेएलीम, गेवाओत किवने त्सोन." पहिल्या ओळीत 'एडके' हा एकच शब्द आहे, 'एलीम'. दुसरीत 'कोकरं' असा एक शब्द नाही, तिथे 'बने त्सोन' आहे, म्हणजे कळपाची लेकरं. क्रियापद काढल्यामुळे जी जागा मोकळी झाली ती या लांब शब्दजोडीने भरली, आणि ओळीचं वजन फार घटलं नाही. जोडओळींमध्ये हे वारंवार होतं. क्रियापद वरच राहतं आणि वाचलेल्या जागेत खाली काहीतरी जास्तीचं, जास्त दृश्य असं येतं. म्हणून रिकामी चौकट सापडली की तिच्या शेजारच्या शब्दाकडे जास्त लक्ष द्यावं. कवीने जागा का मोकळी केली ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

याच जोडीने मला स्वतःला एक गोष्ट शिकवली. दुसरी ओळ नेहमी मोठी किंवा जोरदार होते असं मी आधी शिकवत असे. इथे ती लहान होते. डोंगरावरून टेकडीवर, एडक्यावरून कोकरावर. हादरा मोठ्यापासून धाकट्यापर्यंत पोचला, काहीच सुटलं नाही. मोठा एडका उडी मारतो तेव्हा जरा धाक वाटतो, कोकरू उडी मारतं तेव्हा आनंद वाटतो. दोन्ही भावना एकाच वचनात आल्या. पहिलीच ओळ असती तर हा नुसता भूकंप झाला असता.

पाचवं आणि सहावं वचन म्हणजे तिसरं आणि चौथं पुन्हा, पण प्रश्न होऊन. "काय झालं तुला समुद्रा, की तू पळतोस? यार्देन, की तू मागे फिरतेस?" आधी 'पळाला' होतं, आता 'पळतोस' आहे. कवी जणू त्याच काठावर उभा राहून समुद्राशी बोलतो आहे. डोंगरांनाही तो तेच विचारतो. उत्तर समुद्र देत नाही, डोंगरही देत नाहीत. उत्तराच्या जागी पृथ्वीला आज्ञा येते:

धन्यासमोर थरथर, पृथ्वी,
याकोबाच्या देवासमोर.

समुद्राने कुणाला पाहिलं, 'त्याचं' म्हणजे कुणाचं, हे सगळं इथे उघडतं, आणि तेही टप्प्याने. पहिल्या ओळीत 'आदोन' म्हणजे धनी, मालक. अजून नेमका कोण ते नाही. दुसऱ्या ओळीत कळतं, याकोबाचा देव. पहिल्या वचनात जे घराणं बोचकी घेऊन बाहेर पडलं होतं, त्याच घराण्याचा. भाषांतरात दुसऱ्याच वचनात 'परमेश्वर' घातला तर ही गाठ इथे सुटण्याआधीच सुटून जाते. 'थरथर' असं मी लिहिलं खरं, पण मूळ क्रियापद हिब्रूत बाळंतकळांसाठीही वापरतात. तितका जोर माझ्या शब्दात आलेला नाही.

आणि शेवटचं वचन:

जो खडकाचं तळं करतो,
चकमकीच्या दगडाचा पाण्याचा झरा.

हे वहीत मांडलं की दोन्ही रकाने एकाच वेळी हलताना दिसतात. खडकाच्या खाली चकमकीचा दगड, म्हणजे आणखी कठीण. असा दगड की ज्यावर लोखंड आपटलं तर पाणी नाही, ठिणगी निघते. तळ्याच्या खाली झरा, म्हणजे आणखी जिवंत. तळं साचलेलं असतं, ते आटतं. झरा वाहतो. एका बाजूने अडथळा वाढला आणि दुसऱ्या बाजूने देणं वाढलं, सहा-सात शब्दांत. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात अरण्याची आठवण देताना 'चकमकीच्या खडकातून' असा एकच शब्दसमूह येतो. स्तोत्रकाराने तो मधोमध फोडला, 'खडक' वर ठेवला आणि 'चकमक' खाली. ठरलेली शब्दजोडी अशी फोडून दोन ओळींत वाटायची ही या कवींची आवडती युक्ती आहे.

हीच युक्ती माहीत नसली तर नीतिसूत्रांत सरळ चूक होते. 10व्या अध्यायाची सुरुवात अशी आहे:

शहाणा मुलगा बापाला आनंद देतो,
आणि मूर्ख मुलगा आईचं दुःख.

एकदा वर्गात एका काकूंनी फार मनापासून विचारलं होतं, "म्हणजे पोरगा चांगला निघाला की बापाचा, वाया गेला की आईचा?" आपल्याकडे घराघरांत असंच बोललं जातं, त्यामुळे शंका अगदी रास्त होती. पण इथे 'आईबाप' हीच जोडी फोडलेली आहे. अर्धी वर, अर्धी खाली. आनंदही दोघांचा, दुःखही दोघांचं. जोडओळीत वरचा शब्द खाली झिरपतो आणि खालचा वर चढतो. दोन ओळी दोन वेगळे नियम म्हणून वाचल्या की असे नसलेले फरक दिसू लागतात.

नीतिसूत्रांच्या 10 ते 15 या अध्यायांत बहुतेक जोड्या अशा विरोधाच्या आहेत. शहाणा आणि मूर्ख, कष्टाळू आणि आळशी. त्या फार सरळ वाटतात, आणि म्हणूनच तिथे डोळा लवकर निसटतो. लगेच पुढचं वचन घ्या:

लबाडीची भांडारं काही उपयोगाची नाहीत,
आणि नीतिमत्ता मरणातून सोडवते.

अगदी काट्याला काटा लावायचा असता तर दुसरी ओळ "नीतिमत्ता उपयोगी पडते" अशी आली असती. तशी ती आलेली नाही. पहिल्या ओळीत गोष्ट फायद्या-तोट्याची होती, दुसरीत ती एकदम जगण्या-मरण्याची झाली. मग मागे वळून पहिली ओळ पुन्हा वाचावी लागते. भांडारं उपयोगाची नाहीत, म्हणजे नेमकी कुठे? मरणाच्या दारात. हे पहिल्या ओळीत लिहिलेलं नाही, दुसरीने ते तिच्यात भरलं. विरोधी जोडी मांडताना मी मुलांना हेच बघायला सांगते: कोणता शब्द बरोबर उलटा नाही? अर्थ बहुतेक त्या वाकड्या शब्दात असतो.

दोन्ही उदाहरणांत मी मधे 'आणि' ठेवला आहे, तो मुद्दाम. हिब्रूत दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बहुधा एकच छोटं अक्षर जोडलेलं असतं, 'व'. त्याचा अर्थ आणि, पण, म्हणजे, तसंच, इतकंच काय, यातला कुठलाही असू शकतो. नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायातलं हे वचन शब्दशः असं आहे:

थंड पाणी तहानलेल्या जिवाला,
आणि चांगली बातमी दूर देशाहून.

'जसं' नाही, 'तसं' नाही. नुसत्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. भाषांतरकार 'तशी' घालतो आणि तुलना पूर्ण करून देतो. त्यात चूक काही नाही, पण मूळ श्रोत्याला ते काम स्वतः करावं लागत होतं. आपल्याला हे अनोळखी नाही. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' यात 'पण' कुठे आहे? कुणी घातला तर म्हण लंगडी होईल. म्हणून वर्गात मी जोडणारा शब्द पुसून टाकायला लावते आणि मग त्या जागी एकेक शब्द बसवून बघायला सांगते. 'म्हणजेच' चालतो का? 'इतकंच काय'? 'पण'? 'तसं'? जो सहज बसतो त्यावरून जोडीचं नातं कळतं. कधी दोन शब्द बसतात, तेव्हा ते तसेच राहू द्यावेत.

या सगळ्याला नाव मिळालं ते तसं अलीकडे. रॉबर्ट लॉथ ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक होते. हिब्रू कवितेवरची त्यांची लॅटिन व्याख्यानं 1753 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांनी जोड्यांचे तीन प्रकार केले: समानार्थी, विरोधी, आणि तिसरा असा की ज्यात दुसरी ओळ पहिलीचं म्हणणं नुसतं पुढे नेते. शाळांमधून आजही हेच तीन कप्पे शिकवतात. सुरुवातीला ते कामाला येतात, पण 'समानार्थी' या शब्दाने नुकसानही पुष्कळ केलं. वाचकाने एकदा तो शिक्का मारला की दुसरी ओळ वाचायची थांबते. 1981 मध्ये जेम्स कुगेल या अभ्यासकाने याला जोरदार हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पहिली ओळ एक गोष्ट सांगते आणि दुसरी म्हणते, "आणि त्याहूनही..." माझा कल त्यांच्याकडे आहे, फक्त डोंगर-टेकड्यांसारख्या ठिकाणी 'त्याहूनही' म्हणजे मोठं असं धरू नये.

आणि प्रत्येक वचनात जोडी असतेच असंही नाही. "बाबेलच्या नद्यांच्या काठी आम्ही बसलो, तिथे रडलो, सियोनेची आठवण येऊन." हे 137व्या स्तोत्राचं पहिलं वचन. वही आडवी धरून कितीही प्रयत्न केला तरी इथे खाली-वर काही जुळत नाही. हे एकच लांब वाक्य आहे आणि ते ओळींमध्ये नुसतं मोडलं आहे. नवशिके विद्यार्थी इथे ओढूनताणून 'नद्या' आणि 'आठवण' यांची जोडी लावतात. जुळत नसेल तर सोडून द्यावं. लॉथ यांच्या तिसऱ्या कप्प्यात अशी वचनं कोंबली गेली आणि म्हणूनच तो कप्पा इतका फुगला.

जोडी असून ती न ओळखण्याची चूक मात्र जास्त महागात पडते. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 9व्या अध्यायात राजा येतो तो असा:

गाढवावर बसून,
आणि शिंगरावर, गाढवीच्या पिल्लावर.

इथला 'आणि' म्हणजे 'म्हणजेच'. प्राणी एकच आहे, दुसरी ओळ त्याला जवळून दाखवते. साधं गाढव नाही, कोवळं शिंगरू. येशू यरुशलेमात शिरतो तो प्रसंग सांगताना मार्काच्या शुभवर्तमानात एकच शिंगरू आहे. मत्तयाच्या 21व्या अध्यायात हेच भविष्यवचन उद्धृत केलं आहे आणि तिथे शिष्य गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरं आणतात. मत्तयाने जोडओळ शब्दशः दोन गोष्टी म्हणून घेतली, असं काही अभ्यासक म्हणतात. बिनसवयीचं शिंगरू आईशिवाय चाललं नसतं, म्हणून दोघं आणली, असं इतर म्हणतात. हा वाद इथे सुटणार नाही. पण जखऱ्याची ओळ वाचताना राजाला दोन जनावरांवर बसवायची गरज नाही, एवढं नक्की.

आकड्यांच्या जोड्यांत हे आणखी स्पष्ट दिसतं. "तुझ्या बाजूला हजार पडतील, तुझ्या उजव्या हाताला दहा हजार," असं 91वं स्तोत्र म्हणतं. इथे कुणी अकरा हजार मोजत नाही. हजार आणि दहा हजार ही फार जुनी ठरीव जोडी आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे 1929 पासून उत्खनन झालं आणि उगारित नावाचं शहर सापडलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर हिब्रूच्या नात्यातल्या भाषेत कविता आहेत, स्तोत्रांच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्यातही जोडओळी आहेत, आणि हजार-दहा हजारही आहे. पहिल्या ओळीत हजार आला की श्रोत्याचा कान दुसरीत दहा हजाराची वाट बघत असे.

आता 1 शमुवेलच्या 18व्या अध्यायात जा. पलिष्ट्यांवर विजय मिळवून सैन्य परत येतं आहे. गावागावांतून बायका डफ घेऊन नाचत, राजा शौलाला सामोऱ्या येतात आणि आळीपाळीने गातात:

शौलाने मारले आपले हजार,
आणि दावीदाने आपले दहा हजार.

बायकांच्या तोंडी ती ठरलेली जोडी होती. दोन वीर, एक विजय, मोठ्या संख्येची दोन रूपं, असं तिचं गाणं होऊ शकतं. पण हजार आणि दहा हजार यांच्या शेजारी इथे दोन वेगळी नावं आहेत आणि दुसरी ओळ नेहमी काहीतरी वाढवते. मधल्या त्या एका अक्षराचा अर्थ 'आणि' की 'पण', हे ऐकणाऱ्यावर राहिलं. शौलाने 'पण' ऐकला. "दावीदाला त्यांनी दहा हजार दिले, मला नुसते हजार," तो म्हणाला, "आता राज्याखेरीज त्याला मिळायचं काय उरलं?" आणि त्या दिवसापासून त्याची नजर दावीदावर राहिली.